ऑपरेशनआधीची औषधे मेलच्या सब्जेक्टमध्ये लिहून थांबू नका

ज्यांच्या घरी कोणाचे ऑपरेशन ठरले आहे आणि जे रुग्णालयाला मेलवरून रिपोर्ट पाठवत आहेत, त्या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे. रुग्णाला कोणती औषधे चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आधीच्या भुलीच्या वेळी काय त्रास झाला होता, यातली कोणतीही गोष्ट फक्त मेलच्या सब्जेक्टमध्ये किंवा जोडलेल्या फाइलच्या नावात लिहू नका. ती मेलच्या मजकुरात लिहा, पूर्ण वाक्यात लिहा आणि पहिल्याच ओळींत लिहा. आधीच मेल पाठवून झाला असेल, तर आज तो उघडून पाहा. मजकुराची जागा रिकामी असेल, तर आजच दुसरा मेल पाठवा.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनआधी रुग्णाला तपासून भूल कोणती द्यायची, कधी द्यायची आणि द्यायची की नाही, हे ठरवणे माझे काम आहे. त्यासाठी लागणारी माहिती पूर्वी रुग्णाच्या पिशवीतून यायची. जुने केसपेपर, गोळ्यांच्या स्ट्रिप्स, ईसीजीच्या गुंडाळ्या असे सगळे टेबलावर मांडले जायचे. आता त्यातले बरेचसे मेलवरून येते. मुलगा दुबईला किंवा टोरांटोला असतो, आईवडील सातारा-चिपळूणला असतात आणि ऑपरेशन पुण्यात असते. सगळी धावपळ मुलगाच फोनवरून करत असतो. तो मनापासून काळजी घेतो, वेळेवर मेल पाठवतो आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट अशा जागी लिहितो, जिथून ती माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

हे कसे घडते, ते एका उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सत्तरी ओलांडलेले एक काका. उजवा गुडघा पूर्ण झिजलेला, सांधा बदलायचे ठरलेले. महिनाभर आधी त्यांची भुलीसाठीची तपासणी झाली. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेन्ट बसवला होता, रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी आता फक्त अ‍ॅस्पिरिन चालू होती आणि रक्तदाब आटोक्यात होता. कमरेतून भूल देऊन ऑपरेशन करायचे अशी नोंद झाली. नुसती अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मणक्यात इंजेक्शन द्यायला सहसा हरकत नसते. मधल्या काळात काका गावाकडे नेहमीच्या हृदय तपासणीला गेले. तिथले डॉक्टर बदलले होते. नव्या डॉक्टरांनी ईसीजी आणि इको काढले आणि दोन वेगवेगळ्या गोळ्यांऐवजी रात्री घ्यायची एकच कॅप्सूल लिहून दिली. त्या कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलचे औषध होते, अ‍ॅस्पिरिन होती आणि क्लोपिडोग्रेलही होते. घरी तिला सगळे ‘कोलेस्टेरॉलची कॅप्सूल’ म्हणू लागले.

परदेशातल्या मुलाने मात्र फोनवर आईकडून स्ट्रिपवरची नावे अक्षर न् अक्षर वाचून घेतली. क्लोपिडोग्रेल रक्त पातळ करते, हे त्याला माहीत होते. त्याने रुग्णालयाने पाठवलेला जुना मेल काढला, उत्तराचे बटण दाबले आणि सब्जेक्टच्या पुढेच लिहिले: ‘Re: गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख - बाबांना नवीन कॅप्सूल सुरू झाली आहे, त्यात क्लोपिडोग्रेल आहे, बंद करायची का ते कळवा’. ईसीजी आणि इको जोडले, मजकुराची जागा कोरी ठेवली आणि मेल पाठवून दिला. सांगायचे ते सांगून झाले, असे त्याला वाटले.

रुग्णालयाच्या मदतकक्षात त्या दिवशीही नेहमीसारखे पुष्कळ मेल आले होते. तिथल्या ताईंनी फोनवर यादी उघडली, तेव्हा त्यांना दिसले ‘Re: गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख -’ आणि पुढे तीन टिंबे. फोनच्या उभ्या पडद्यावर सब्जेक्टची साधारण तीस-चाळीस अक्षरेच मावतात. तारीख तर आधीच पक्की झाली होती. त्यांनी मेल उघडला. आत मजकूर नव्हता, खाली दोन फाइली होत्या. ज्या मेलमध्ये मजकूर नसतो तो फक्त कागद पाठवण्यासाठी आहे, असे कोणीही समजते. उघडलेल्या मेलच्या माथ्यावर सब्जेक्ट पूर्ण दिसत होता, हे खरे आहे. पण यादीत एकदा वाचलेली ओळ माणूस पुन्हा वाचत नाही. नजर थेट मजकुराकडे जाते आणि तो नसेल तर अटॅचमेंटकडे. ताईंनी दोन्ही फाइली उतरवल्या, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाखाली चढवल्या आणि पुढचा मेल उघडला. मेलचा सब्जेक्ट रुग्णाच्या नोंदीत गेला नाही, कारण त्या नोंदीत तो ठेवायला जागाच नाही.

यात आणखी एक गोष्ट घडली होती. जीमेलमध्ये उत्तर देताना सब्जेक्ट बदलला, की तो मेल जुन्या संवादाच्या साखळीतून सुटतो आणि वेगळा संवाद म्हणून सुरू होतो. त्यामुळे नंतर कोणी काकांच्या ऑपरेशनची जुनी साखळी उघडून पाहिली असती, तरी हा मेल तिच्यात नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी काका उपाशीपोटी दाखल होते. ओटीत न्यायच्या आधी आम्ही प्रत्येक रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला औषधांविषयी पुन्हा विचारतो. ‘रक्त पातळ करायची काही गोळी?’ यावर काकू ‘नाही’ म्हणाल्या. त्यांच्या लेखी ती कोलेस्टेरॉलची कॅप्सूल होती. सुदैवाने पिशवीत स्ट्रिप होती आणि काल रात्रीची कॅप्सूल काढलेली रिकामी खाच तिच्यावर दिसत होती. ऑपरेशन थांबवले. मुलाला फोन लावला, तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, मी तर बारा दिवसांपूर्वीच मेल केला होता.’ मेल शोधला. तो होता. एका ओळीत सगळे लिहिलेले होते.

ते बारा दिवस महत्त्वाचे होते. क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट्सना निकामी करते आणि एकदा निकामी झालेली प्लेटलेट तिचे आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. म्हणून एका रात्रीची गोळी चुकवून काही साधत नाही. मणक्यात सुई घालण्याआधी हे औषध पाच ते सात दिवस बंद असावे लागते. ते चालू असताना सुई घातली आणि आत रक्त साचले, तर ते मज्जातंतूंवर दाब आणते आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. असे क्वचित घडते, पण घडले तर काही तासांत दुसरे ऑपरेशन करून तो दाब काढावा लागतो आणि तरीही पाय परत येतीलच असे नाही. म्हणून आम्ही ही जोखीम घेत नाही. मेल वाचला गेला असता, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून क्लोपिडोग्रेल सात दिवस थांबवायला भरपूर अवधी होता. काकांचे ऑपरेशन नंतर तसेच झाले, नीट झाले. पण मुलगा ऑपरेशनसाठी ज्या रजेवर आला होता ती तोवर संपली होती आणि काकूंना ते दिवस एकटीने काढावे लागले.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. हे वाचून कोणीही स्वतःच्या मनाने क्लोपिडोग्रेल बंद करू नका. स्टेन्ट नवा असेल आणि ही गोळी अचानक थांबली, तर स्टेन्टमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. तुम्ही फक्त एवढे करायचे, की ती गोळी चालू आहे हे आम्हाला वेळेवर आणि दिसेल अशा जागी कळवायचे.

सब्जेक्ट म्हणजे पत्राच्या पाकिटावरचा पत्ता आहे. पत्र कोणाकडे, कशासंबंधी, एवढे त्यावरून कळते आणि पाकीट फोडले की ते बाजूला पडते. तुमच्या घरून माझ्या टेबलापर्यंत तुमची माहिती चार-पाच हातांतून जाते आणि त्यातल्या पहिल्याच हातात पाकीट संपलेले असते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तर यात एक जास्तीचा धोका आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटीच येतो. ‘हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाबांची रक्त पातळ करायची गोळी बंद केलेली नाही.’ हे वाक्य सब्जेक्टमध्ये लिहिले आणि पडद्यावर जागा संपली म्हणून ‘बंद केलेली’ इथे तुटले, तर वाचणाऱ्याला नेमका उलटा निरोप मिळतो. गोळी चालू आहे आणि समोरचा माणूस ती बंद आहे असे समजतो. इंग्रजीत ‘not stopped’ लिहिले तर नकार आधी येतो. मराठीत तो शेवटच्या शब्दावर टांगलेला असतो आणि सब्जेक्टमध्ये सर्वांत आधी कापला जातो तो शेवटचाच शब्द. मेलच्या मजकुरात ओळ संपली की दुसरी ओळ सुरू होते. तिथे काहीही कापले जात नाही.

देवनागरी सब्जेक्टची आणखी एक अडचण आमच्या संगणक विभागातल्या सहकाऱ्याने मला समजावून दिली. मेलची जुनी रचना सब्जेक्टच्या ओळीत फक्त रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हे अशी साधी अक्षरे गृहीत धरते. म्हणून देवनागरी सब्जेक्ट पाठवताना मेलचा प्रोग्रॅम त्याचे सांकेतिक तुकडे करतो. ‘बाबा’ एवढा शब्द वाटेत असा दिसतो:

```
=?UTF-8?B?4KSs4KS+4KSs4KS+?=
```

अशा एका तुकड्याची लांबी नियमाने जास्तीत जास्त ७५ चिन्हे असते. त्यात देवनागरीची जेमतेम पंधरा अक्षरे बसतात आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे काकांच्या मुलाचा तो सब्जेक्ट कितीतरी तुकड्यांत वाटला गेला होता. बहुतेक प्रोग्रॅम हे तुकडे परत नीट जोडतात. पण वाटेत एखादी जुनी व्यवस्था असेल, एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमधून तो मेल पुढे ढकलला गेला असेल, तर जोड निसटतो आणि वाचणाऱ्याला प्रश्नचिन्हे, चौकोन किंवा वर दाखवलेल्यासारखी अक्षरांची रांग दिसते. मजकूर पाठवण्याची रचना वेगळी आहे. तिथे असे छोटे तुकडे पडत नाहीत.

आता फाइलच्या नावाकडे येते, कारण तिथे होणारी चूक सब्जेक्टपेक्षाही लपलेली असते. पुष्कळ जण रिपोर्ट स्कॅन करतात आणि त्या फाइलला नाव देतात ‘आई पेनिसिलिन अ‍ॅलर्जी आहे रक्त रिपोर्ट.pdf’. हेतू चांगलाच असतो. फाइल उघडणाऱ्याला आपोआप कळेल, असे वाटते. प्रत्यक्षात त्या फाइलचे काय होते ते पाहा. रुग्णालयाच्या प्रणालीत चढवताना तिचे नाव बदलते. तिथे नोंदणी क्रमांक, तारीख आणि तपासणीचा प्रकार यांवरून नवे नाव पडते, आणि ते तसेच पडायला हवे, नाहीतर हजारो फाइलींत काही सापडणार नाही. कोणी तो कागद छापला, तर फाइलचे नाव कागदावर उमटत नाही. कोणी पडद्याचा फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर फोटोला `IMG-20250314-WA0007.jpg` असे काहीतरी नवे नाव मिळते. ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली, तर वरच्या पट्टीत बहुधा फाइलचे नावही नसते. स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपने पीडीएफच्या आत जे शीर्षक टाकलेले असते ते तिथे दिसते. म्हणजे तुम्ही दिलेले नाव फाइलवर असूनही मला ‘Scanned Document’ एवढेच दिसू शकते. शेवटी माझ्यासमोर हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनचे आकडे असलेला एक कागद येतो आणि पेनिसिलिनचा त्यावर कुठे उल्लेख नसतो. मोठ्या ऑपरेशनच्या आधी आम्ही चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविक देतो आणि ते कोणते द्यायचे हे अ‍ॅलर्जीच्या नोंदीवर ठरते.

फाइलच्या नावातले आकडे तर आणखी धोक्याचे. विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी कोलनही घेत नाही, प्रश्नचिन्हही घेत नाही. मग माणूस किंवा यंत्र तिथे दुसरे चिन्ह घालते. हृदयाची झडप बदललेल्या पुष्कळ रुग्णांना अ‍ॅसेनोकुमारोल नावाची रक्त पातळ करायची गोळी असते आणि ती बहुधा अर्धी किंवा पाऊण अशा मापात घ्यायची असते. नातेवाईक फाइलला नाव देतात ‘रोज 1/2 गोळी’. तिरकी रेघ चालत नाही, म्हणून ती होते आडवी रेघ: ‘रोज 1-2 गोळी’. अर्ध्या गोळीची एक ते दोन गोळ्या झाल्या. या औषधाच्या मात्रेत एवढा फरक पडला, तर रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. आम्ही डॉक्टर अशा नावावर विसंबून मात्रा ठरवत नाही. पण रात्री घाईत कोणी नोंद उतरवून घेत असेल, तर तिच्यात चुकीचा आकडा शिरायला एवढेही पुरते. मात्रा लिहायची जागा मजकुरात आहे आणि तिथेही ती अक्षरांत लिहा: ‘अर्धी गोळी, रोज संध्याकाळी’.

लांबीचीही मर्यादा आहे. लिनक्स आणि अँड्रॉइडवरच्या नेहमीच्या व्यवस्थांमध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला तीन. म्हणजे देवनागरीत ८५ च्या आसपास चिन्हांवर नाव संपते. त्यापुढचे एकतर कापले जाते किंवा फाइल साठवलीच जात नाही. आणि मराठी वाक्यातला नकार कुठे असतो, ते वर सांगितलेच आहे.

एक गोष्ट खासगीपणाचीही आहे. सब्जेक्ट फोनच्या कुलूपबंद पडद्यावर सहज दिसतो, कार्यालयात टेबलावर पडलेल्या फोनवरसुद्धा. रुग्णाचा एचआयव्हीचा अहवाल, मानसोपचाराची औषधे, गर्भपाताचा उल्लेख असे काही सब्जेक्टमध्ये लिहिणे म्हणजे ते चारचौघांत वाचून दाखवण्यासारखे होते. मेल कुलूपबंद करण्याच्या नेहमीच्या पद्धतींमध्ये मजकूर आणि जोडलेल्या फाइली झाकल्या जातात, सब्जेक्ट बहुधा उघडाच राहतो. भूलतज्ज्ञाला हे सगळे कळायलाच हवे, म्हणून लपवू नका. पण लिहा ते मजकुरात.

तर मग मेल कसा असावा? सब्जेक्टमध्ये फक्त ओळख: रुग्णाचे केसपेपरवरचे नाव, नोंदणी क्रमांक आणि ऑपरेशनची तारीख. क्रमांक शक्यतो इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे शोधताना सापडतो. सब्जेक्टमध्ये क्रियापद असलेले वाक्य आले, तर समजा की ते वाक्य चुकीच्या जागी आहे. ते उचला आणि खाली न्या. फाइलींची नावेही अशीच कोरडी ठेवा: आडनाव, तपासणी, तारीख, उदाहरणार्थ `Patil_ECG_2025-03-14.pdf`. तारीख वर्षापासून लिहिली की फाइली क्रमाने लागतात आणि तिरकी रेघ वापरावी लागत नाही.

मजकूर मात्र भरलेला असू द्या. काकांच्या मुलाने काय लिहायला हवे होते, ते त्याच माहितीवरून इथे लिहून दाखवते:

‘नमस्कार. माझ्या वडिलांचे उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन या महिन्याच्या 14 तारखेला आहे. भुलीची तपासणी झाल्यानंतर त्यांचे औषध बदलले आहे, कृपया हे भूलतज्ज्ञांना दाखवा. आता रोज रात्री एक कॅप्सूल आहे, तिच्यात रोसुवास्टॅटिन 10 मिलिग्रॅम, अ‍ॅस्पिरिन 75 मिलिग्रॅम आणि क्लोपिडोग्रेल 75 मिलिग्रॅम आहे. ही कॅप्सूल अजून चालू आहे. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेन्ट आहे. कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी माहीत नाही. क्लोपिडोग्रेल कधी बंद करायचे ते कळवा. वडिलांसोबत आई आहे, तिचा फोन क्रमांक खाली दिला आहे. सोबत ईसीजी, इको आणि नव्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे.’

यात ‘अजून चालू आहे’ असे होकारी वाक्य आहे, ते मुद्दाम. ‘बंद केलेली नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘चालू आहे’ लिहा. शेवटचा शब्द निसटला, तरी अर्थ उलटा होत नाही. औषधाचे घरगुती नाव लिहू नका. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची नावे लिहा, कारण ‘कोलेस्टेरॉलची’, ‘शुगरची’, ‘पित्ताची’ या नावांत काय दडले आहे ते आम्हाला कळत नाही. मधुमेहाच्या गोळीचेच पाहा. तिच्यात डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी ती थांबवावी लागते. नाहीतर उपाशी पोटी रक्तात आम्ल साचते आणि साखरेचा आकडा मात्र फारसा वाढलेला दिसत नाही, त्यामुळे ते लवकर लक्षातही येत नाही. ‘शुगरची गोळी चालू आहे’ एवढ्यावरून हे ओळखता येत नाही. अ‍ॅलर्जी लिहाल तेव्हा काय झाले होते तेही लिहा. अंगावर पित्त उठले, श्वास लागला की नुसती मळमळ झाली, यावर आमचा निर्णय बदलतो. आणि पूर्वीच्या एखाद्या ऑपरेशनच्या वेळी भूल उतरायला खूप उशीर लागला होता, किंवा जवळच्या नातेवाइकाला भुलीत एकाएकी प्रचंड ताप चढला होता, असे घरात कोणाला आठवत असेल, तर ते जरूर लिहा. अशी गोष्ट कोणत्याही रिपोर्टमध्ये सापडत नाही. ती फक्त तुम्हाला माहीत असते.

पाठवल्यावर काम संपत नाही. मेलच्या शेवटी ‘वाचल्यावर उत्तर द्यावे’ असे लिहा आणि दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर रुग्णालयात फोन करा. फोनवर ‘मेल मिळाला का?’ असे विचारू नका, कारण मिळालेला असतोच. ‘वडिलांना क्लोपिडोग्रेल चालू आहे हे भूलतज्ज्ञांना कळले का, आणि ते कधी थांबवायचे?’ असे विचारा. या प्रश्नाला नुसत्या ‘हो’ने उत्तर देता येत नाही. कोणाला तरी नोंद उघडून पाहावीच लागते. ऑपरेशनला तीन-चार दिवसच उरले असतील, तर मेलवर थांबूच नका, आधी फोन करा. दाखल व्हायला येताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत आणा, रिकाम्यासुद्धा. काकांचे ऑपरेशन वेळेत थांबले ते स्ट्रिपमुळे.

ही विनंती फक्त नातेवाइकांनाच नाही. सगळा भार त्यांच्यावर टाकणे बरोबर नाही, कारण मेल लिहिणारा माणूस घाबरलेला असतो आणि बहुतेक वेळा फोनवर, प्रवासात, रात्री लिहीत असतो. मदतकक्षात, काउंटरवर, प्रयोगशाळेत, डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात मेल उघडणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे: मजकूर रिकामा दिसला, तर तो मेल संशयाने पाहा. सब्जेक्ट शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, शक्यतो मोठ्या पडद्यावर वाचा. प्रत्येक फाइलचे नाव ती उतरवण्याआधी वाचा. त्यात रिपोर्टच्या प्रकाराखेरीज काहीही असेल, तर ते जसेच्या तसे रुग्णाच्या नोंदीतल्या टिपणाच्या जागी उतरवा आणि मगच फाइल चढवा. ज्या रुग्णालयांच्या प्रणालीत फाइल चढवताना टिपण लिहायची चौकट नाही, त्यांनी ती करून घ्यावी. आणि नातेवाइकांना पहिला मेल रुग्णालयच पाठवते, तारखेचा, खर्चाच्या अंदाजाचा. त्या मेलच्या खालीच औषधे, अ‍ॅलर्जी, आधीची भूल, सोबतच्या माणसाचा फोन अशा कोऱ्या ओळी छापून पाठवल्या, तर माणूस उत्तर देताना त्या भरतो. रिकामी जागा समोर दिसली की तो सब्जेक्टमध्ये लिहीत नाही. याला पैसा लागत नाही. असा मेल एकदाच तयार करून ठेवायचा असतो.

सर्जन मित्रांनाही सांगते. रुग्णाच्या मुलाने तुम्हाला वैयक्तिक मेल पाठवला असेल, तर तो नुसता पुढे ढकलू नका. पुढे ढकललेल्या मेलच्या सब्जेक्टला ‘Fwd:’ लागते, त्यात आणखी एखादे ‘Re:’ असते आणि महत्त्वाचे वाक्य पडद्याबाहेर आणखी दूर जाते. दोन ओळी स्वतः मजकुरात लिहा आणि मग पाठवा.

येत्या दोन आठवड्यांत तुमच्या घरी कोणाचे ऑपरेशन असेल, तर हे आजच करा. पाठवलेल्या मेलची यादी उघडा, रुग्णालयाला गेलेला प्रत्येक मेल उघडा आणि त्यात मजकूर आहे का ते पाहा. सब्जेक्टमध्ये किंवा फाइलच्या नावात औषध, अ‍ॅलर्जी किंवा मात्रा लिहिली असेल, तर तेच सगळे मजकुरात लिहून नवा मेल पाठवा आणि लगेच रुग्णालयात फोन करून औषधाचे नाव घेऊन विचारा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर हा फोन उद्यावर ढकलू नका.